भंगाराचे शंभर रुपये कुठे गेले?

अंबडच्या कारखान्यात कॉस्टिंगला लागलास ना, मग ॲबनॉर्मल गेनचं हे गणित एकदा हाताने कर. प्रोसेसमध्ये १,००० किलो माल गेला, एकूण खर्च ४५,५०० रुपये. नॉर्मल लॉस १० टक्के, म्हणजे १०० किलो. भंगार ५ रुपये किलोने जातं, म्हणजे ५०० रुपये. दर काढताना खर्चातून हे ५०० वजा कर आणि उरलेल्या ४५,००० ला अपेक्षित ९०० किलोनेच भाग, ५० रुपये येतील. प्रत्यक्षात माल ९२० किलो निघाला म्हणून ९२० ने भागायचा मोह होतो. मीही सुरुवातीला तेच करायचो.

जास्तीचे २० किलो ५० च्या दराने, म्हणजे १,००० रुपये, प्रोसेस खात्याला नावे टाक आणि ॲबनॉर्मल गेन खात्याला जमा कर. पण हे हजार सगळे नफ्याचे नाहीत. भंगार ८० किलोच निघालं, भंगारवाल्याकडून ४०० च आले. नॉर्मल लॉस खात्यात राहिलेले १०० रुपये गेन खात्याला नावे टाकायचे. नफा-तोट्याला जातात फक्त ९००. नॉर्मल लॉस खातं जुळत नसेल, तर बहुधा हीच नोंद राहिलेली असते.

आणि दर महिन्याला गेन दिसत असेल, तर आधी वजनकाटा तपास. तो बरोबर निघाला, तर १० टक्क्यांचं प्रमाणच जुनं झालंय.