सहकाऱ्याबद्दल एचआरला मेल: चुगली न वाटता कसा लिहावा?

प्रश्न: टीममधला एक सहकारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझ्यावर आवाज चढवतो. एचआरला कळवायचंय, पण चुगली केल्यासारखं वाटायला नको. मेलमध्ये काय लिहू?

उत्तर: मी नऊ वर्षं एचआरमध्ये आहे. असा मेल आला की माझी नजर आधी तारीख शोधते. "ते नेहमी माझा अपमान करतात" एवढंच लिहिलेलं असेल, तर समोरचा माणूस विचारतो, "नेहमी म्हणजे कधी?" आणि माझ्याकडे उत्तर नसतं. शिवाय "अपमान" हा तुमचा निष्कर्ष झाला. काय दिसलं, काय ऐकू आलं ते लिहा. निष्कर्ष आम्हाला काढू द्या.

मी तुमच्या जागी असते तर साधारण असं लिहिलं असतं:

> विषय: मीटिंगमधील दोन प्रसंगांबाबत
>
> 3 जूनला सकाळी 11 च्या मीटिंगमध्ये मी टेस्टिंगला झालेल्या उशिराबद्दल सांगत होते. उशीर दोन दिवसांचा होता आणि तो माझ्याकडूनच झाला होता. तेव्हा (सहकाऱ्याचं नाव) मोठ्या आवाजात म्हणाले, "जमत नसेल तर सोडून दे." टीममधले सहा जण हजर होते. 10 जूनच्या क्लायंट कॉलवर त्यांनी मला तीनदा मध्येच थांबवलं. रिलीजची तारीख सांगायची राहिली, ती नंतर मेलने कळवावी लागली. 11 जूनला मी त्यांच्याशी स्वतः बोलले. "माझी बोलायची पद्धतच अशी आहे," असं ते म्हणाले. त्यांचा हेतू मला माहीत नाही. मॅनेजरसमोर आमचं एकदा बोलणं व्हावं, ही विनंती. त्यांच्याशी बोलण्याआधी कृपया मला कळवावं.

यातलं "तो माझ्याकडूनच झाला होता" हे वाक्य बहुतेक जण गाळतात. मग समोरचा तेच पुढे करतो आणि सगळी चर्चा उशिरावर जाते. तुम्हीच आधी सांगितलंत की विषय आवाज चढवण्यापुरता राहतो. "मुद्दाम", "जळतात", "सगळ्यांनाच त्रास आहे" हे शब्द दिसले तर खोडा. इतरांना त्रास असेल तर ते स्वतः लिहितील. (सगळ्या टीमला सीसीत ठेवलेला मेलही माझ्याकडे आलाय. त्यानंतर मिटवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.)

नाव गुप्त राहील यावर मात्र विसंबू नका. प्रसंग सांगितले की मेल कुणी लिहिला हे त्या सहकाऱ्याला लगेच कळतं. आधी कळवायला सांगायचं ते त्यासाठीच.

बोलण्यात किंवा वागण्यात लैंगिक स्वरूपाचं काही असेल, तर हा नमुना वापरू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. लेखी तक्रार तिच्याकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची.

तुमच्या बाबतीत, लिहिलेला मेल रात्रभर ड्राफ्टमध्ये ठेवा आणि सकाळी त्यातली विशेषणं मोजा. माझ्या नमुन्यात त्यांच्या वागण्याचं वर्णन करणारं "मोठ्या" हे एकच आहे.