बेंच प्रेसच्या दिवशी सूर्यनमस्कार किती घालावेत?

प्रश्न: ऐरोलीत राहतो. सोमवारी स्क्वॉट, बुधवारी बेंच प्रेस आणि शुक्रवारी डेडलिफ्ट करतो. जिममध्ये आधी बारा सूर्यनमस्कार घालतो, पण बुधवारी हात लवकर थकतात. नमस्कार आधी घालावेत की नंतर?

आधीच घालावेत, पण बुधवारी बारा नकोत. प्रत्येक नमस्कारात साष्टांग स्थितीत उतरताना कोपरे वाकतात आणि शरीराचा बराचसा भार दंडाच्या मागच्या स्नायूंवर व खांद्यांच्या पुढच्या भागावर येतो. बेंच प्रेसमध्ये राबणारे स्नायूही हेच असल्यामुळे, सावकाश बारा वेळा उतरल्यावर तुमचा पहिला सेट खरे तर पहिला उरत नाही.

तुमचे कामाचे वजन ५० किलो आहे असे धरू. चार नमस्कार मध्यम गतीने घालावेत आणि साष्टांगाच्या वेळी गुडघे आधी टेकवून छातीचा भार हलका करावा. त्यानंतर २० किलोच्या रिकाम्या रॉडने दहा, ३५ किलोने पाच आणि ४५ किलोने दोन-तीन आवर्तने करून मग ५० किलोवर यावे. हे टप्पे गाळू नयेत. ठाण्या-ऐरोलीच्या दमट हवेत दुसऱ्याच नमस्काराला घाम फुटतो, परंतु घाम आला म्हणजे खांदे वजनासाठी तयार झाले, असे होत नाही. फरक तपासायचा असेल, तर एका बुधवारी बारा आणि पुढच्या बुधवारी चार नमस्कार घालून त्याच वजनाची आवर्तने वहीत लिहून ठेवावीत.

सोमवारी सहा-आठ नमस्कार चालतील, मात्र त्यांत पूर्ण बैठक येत नसल्यामुळे शेवटी मलासनात चार-पाच श्वास बसावे. टाचा उचलल्या जात असतील, तर घोटे अजून आखडलेले आहेत असे समजून रिकाम्या रॉडचा एक सेट वाढवावा. वजन उचलण्यापूर्वी कोणताही ताण मिनिटापेक्षा अधिक वेळ धरून ठेवू नये, कारण दीर्घ ताणानंतर स्नायूंचा जोर काही काळ थोडा कमी होतो.

शनिवारची सकाळ अधिक जपण्यासारखी आहे. झोपेत मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्या उठल्या खोल पुढे वाकल्यास त्यांच्यावर जास्त ताण येतो, आणि आदल्या दिवशीच्या डेडलिफ्टने पाठही थकलेली असते. म्हणून तासभर हिंडून-फिरून झाल्यावर चार-पाच संथ नमस्कार घालावेत, पादहस्तासनात गुडघे वाकवावेत आणि शेवटी पाय भिंतीला टेकवून पाच मिनिटे पडून राहावे. याने आखडलेपणा तात्पुरता सैलावतो. स्नायूंची झीज त्यामुळे लवकर भरून येते, असे मात्र मी म्हणणार नाही. ते काम झोप आणि जेवणातील प्रथिने करतात. बारा नमस्कारांचा नेम सोडवत नसेल, तर तो रविवारी पाळावा. वाकताना पाठीतून पायात कळ उतरली, तर ते स्नायूंचे दुखणे नव्हे. तेव्हा आसने व वजने दोन्ही थांबवून डॉक्टरांना दाखवावे.