काजूगरांच्या टक्केवारीचा उलटा निकाल

प्रश्न: मोठ्या आणि लहान, दोन्ही काजूबियांत सकाळच्या पाळीचे अख्खे गर जास्त निघतात, तरी एकूण टक्केवारीत संध्याकाळची पाळी पुढे कशी?

उत्तर: हा सिम्पसनचा विरोधाभास आहे: प्रत्येक गटात दिसणारा कल गट एकत्र केल्यावर उलटतो. समजा, सकाळी 100 मोठ्या बियांतून 90 आणि 400 लहान बियांतून 240 गर अख्खे निघाले, म्हणजे एकूण 66 टक्के. संध्याकाळी 400 मोठ्यांतून 340 आणि 100 लहानांतून 50, म्हणजे 78 टक्के. सकाळच्या वाट्याला फोडायला अवघड अशा लहान बियाच अधिक आल्या. दोन्ही पाळ्यांना मोठ्या आणि लहान बिया निम्म्या-निम्म्या धरून पाहा: सकाळी 75, संध्याकाळी 67.5 टक्के. मात्र आकारानुसार वाटप पाळीच्या हातात नसेल, तरच ही तुलना न्याय्य ठरते.