घरच्या पाककृतींची पुस्तिका: छापखान्यात देण्याजोगी पीडीएफ कशी करावी?

प्रश्न: आईच्या पंचाहत्तरीला तिच्या पाककृतींची फोटोंसह मराठी पुस्तिका छापून भेट द्यायची आहे. साधारण तीसेक पानं होतील. वर्डमध्ये टाइप करून पीडीएफ केली तर छापखान्यात चालते का? मराठी अक्षरं छापताना फुटतात असं ऐकलंय.

चालते. आम्ही आत्याच्या साठीला अशीच पुस्तिका केली, तीही वर्डमध्येच. एक गोष्ट मात्र आधीच ठरवा. छापखान्यात वर्डची फाइल द्यायचीच नाही, फक्त पीडीएफ द्यायची. बरेच जण तिथेच फसतात. काउंटरवरचा माणूस चांगल्या मनाने म्हणतो, "वर्ड पाठवा, आम्ही लावून देतो." मग तो तुमचा युनिकोड मजकूर त्याच्याकडच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो, किंवा पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू न करताच चिकटवतो. मग ‘चिंच’ची पहिली वेलांटी च च्या पुढे जाऊन बसते, ‘श्रीखंड’ सुटं होतं, आणि तीस पानांत अशा किती जागा आहेत हे शोधायला तुम्हालाच बसावं लागतं. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकारच फाइलच्या आत बसवलेले असतात. छापखान्याला मजकुराला हातच लावायची गरज पडली नाही, तर अक्षरं फुटायचं कारणच उरत नाही.

फॉन्ट म्हणून Tiro Devanagari Marathi घ्या. तो मोफत मिळतो आणि त्यातले ल आणि श आपल्या पाठ्यपुस्तकांतल्यासारखे मराठी वळणाचे आहेत. त्याला ठळक रूप नाही, म्हणून वर्डमधलं B चं बटण दाबू नका. दाबलं तर वर्ड अक्षरं नुसती जाड करतो आणि जोडाक्षरं भरून येतात. शीर्षकाला तोच फॉन्ट २२ पॉइंटात घेतला की पुरतो. मजकूर १३ पॉइंट आणि ओळींमधलं अंतर २० पॉइंट ठेवा. वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे मराठीला ओळींत जास्त मोकळीक लागते. शिवाय ही पुस्तिका ओट्यावर ठेवून, हातभर लांबून वाचली जाणार आहे.

टाइप करताना एका अक्षराकडे खास लक्ष द्या. पाककृतींत ते पानोपानी येतं: पुऱ्या, खोबऱ्याचं, कैऱ्या. साधा र, हलन्त आणि य असं टाइप केलं तर य च्या डोक्यावर रफार चढतो आणि पुऱ्यांचं ‘पुर्या’ होतं. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर Shift धरून र ची कळ दाबली की तो मिळतो. पुढे हलन्त आणि य. सगळं टाइप झाल्यावर वर्डच्या शोधात ‘र्य’ टाकून एकेक जागा तपासा. ‘सूर्यफुलाचं तेल’ मध्ये रफारच बरोबर आहे, त्यामुळे सरसकट बदल करू नका.

आता मजकूर. आत्याच्या वहीत कटाच्या आमटीखाली दोनच ओळी होत्या: डाळ शिजवून कट काढावा, मसाला घालून उकळावी. तिला तेवढं पुरत होतं. पण पुस्तिका सुना-नातवंडांच्या हातात जाणार होती. म्हणून ती स्वयंपाक करत असताना शेजारी वजनकाटा घेऊन उभं राहायचं आणि तिला अजिबात थांबवायचं नाही, असं आम्ही ठरवलं. ‘गोडा मसाला किती?’ असं विचारलं की उत्तर ‘अंदाजाने’ असंच येतं. त्याऐवजी मसाल्याचा डबा आधी काट्यावर ठेवायचा, तिला हवा तेवढा घेऊ द्यायचा आणि नंतर डब्याचं वजन पुन्हा करायचं. फरक म्हणजे तिचा अंदाज. तिखट, मीठ, गूळ सगळ्यांना हीच रीत. वाटीचंही मोजमाप घ्या, कारण प्रत्येक घराची वाटी निराळी असते. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि वाटी पाण्याने काठोकाठ भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. आत्याची वाटी १५० मिलीची निघाली, आणि ते आम्ही पहिल्याच पानावर छापलं.

त्या दोन ओळींतून तयार झालेला मजकूर असा: ‘१ वाटी हरभरा डाळ ४ वाट्या पाण्यात मऊ शिजवावी. रोळीत उपसून खालचा कट वेगळा ठेवावा. कटात गरम पाणी घालून ४ वाट्या करावा. त्यात २ मोठे चमचे तयार पुरण, सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, २ चहाचे चमचे गोडा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं आणि जिरं वाटून, आणि चवीला मीठ. वरून मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. आमटी पातळच असावी. पळीतून ओतली की पाण्यासारखी धार पडते, दाट झाली तर गरम पाणी घालावं.’ शेवटचं वाक्य आत्याचं, जसंच्या तसं. प्रमाण चुकलं तरी त्या वाक्यामुळे आमटी सावरते. प्रत्येक पदार्थासाठी असं एक वाक्य आईकडून काढून घ्याच: झालं हे कसं ओळखायचं? आणि तिचे ‘सैलसर’, ‘मऊसूत’, ‘अंगाबरोबर रस’ हे शब्द पुस्तकी करू नका. ½ आणि ¼ ही चिन्हं काही देवनागरी फॉन्टांत नसतात आणि मधेच दुसऱ्याच फॉन्टची उसनी दिसतात, म्हणून ‘अर्धी’, ‘पाव’, ‘पाऊण’ असं अक्षरीच लिहा.

फोटोंचा हिशेब सोपा आहे. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. ए-फाइव्ह पान १४८ × २१० मिमीचं असतं, म्हणजे पानभर फोटोसाठी निदान १८२० × २५५० पिक्सेल हवेत (कापायची कडा धरून). आजच्या फोनच्या मूळ फोटोत इतके सहज असतात. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आला की तो बहुतेकदा लांबीला १६०० पिक्सेलांच्या आसपास उरतो, आणि ३०० ने भागलं तर तो साडेतेरा सेंटिमीटरांपर्यंतच चांगला छापतो. अर्ध्या पानाला ठीक, पानभर नाही. नातेवाइकांना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. पदार्थाचा फोटो खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. स्टीलच्या ताटात चकाकी येते. पितळी किंवा मातीचं भांडं, नाहीतर केळीचं पान घ्या. आमटी, पुरण, चकली हे तपकिरी पदार्थ कागदावर पडद्यापेक्षा बरेच काळपट उतरतात, म्हणून असे फोटो आधीच थोडे उजळ करून ठेवा. आईच्या वहीचं एखादं हळदीचे डाग पडलेलं पान स्कॅन करून नक्की घाला. त्याचा पिवळेपणा ‘दुरुस्त’ करू नका.

वर्डमध्ये फोटो टाकण्याआधी File, Options, Advanced मध्ये जाऊन Do not compress images in file ला खूण करा. नाहीतर जतन करताना वर्ड फोटो गुपचूप लहान करतो. पानाचा आकार १४.८ × २१ सेंमी न ठेवता १५.४ × २१.६ ठेवा. चारही बाजूंचे हे जादा ३ मिमी छापून झाल्यावर कापले जातात. पानाच्या कडेपर्यंत जाणारा फोटो या जादा पट्टीतही पसरलेला हवा, नाहीतर कापताना पातं जरा सरकलं की पांढरी रेघ दिसते. समासात Mirror margins निवडा: आतला २.१ सेंमी, बाकीचे १.८. मधे पिना मारून बांधायची तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. तुमच्या तीस पानांची बत्तीस करा. उरलेली दोन आईच्या माहेरच्या फोटोला आणि रिकाम्या ओळींना द्या, नव्या पाककृती लिहायला. पानं एकापुढे एक सुटीच द्या. पहिलं-शेवटचं समोरासमोर लावणं हे काम छापखान्याचं.

पीडीएफ Save As मधूनच करा आणि Standard निवडा, Minimum size नको. मग ती ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून Properties मधला Fonts हा भाग बघा. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे Embedded Subset दिसलं पाहिजे. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला तर तो विस्कटलेला चिकटतो, त्याने घाबरू नका. देवनागरीत हे नेहमी होतं आणि छपाईशी त्याचा संबंध नाही. डोळ्यांनी बघायचं ते ४०० टक्के मोठं करून: श्रीखंड, ज्वारी, द्राक्षं, थालीपीठ, कोथिंबीर, पुऱ्या. हे शब्द शाबूत असले की बाकीचंही बहुतेक शाबूत असतं.

त्यानंतर घरच्या प्रिंटरवर काळी-पांढरी प्रत काढा आणि घरातल्या सगळ्यात नवख्या माणसाला त्यातला एक पदार्थ करायला लावा, शेजारून काहीही न सांगता. ‘मीठ कधी घालायचं?’ असा प्रश्न आला की ती ओळ मजकुरात राहून गेलेली आहे.

तीस-चाळीस प्रतींसाठी ऑफसेट परवडत नाही, डिजिटल छपाईच घ्या. आत १३० जीएसएमचा मॅट आर्ट पेपर, मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आणि वर मॅट लॅमिनेशन, म्हणजे तेलाचा हात लागला तरी पुसता येतं. पूर्ण छपाईआधी एक नमुना प्रत पैसे देऊन काढून घ्या आणि फोटो दिवसाच्या उजेडात बघा. दिवाळीआधी आणि लग्नसराईत छापखाने तुडुंब असतात, तेव्हा पंचाहत्तरीची तारीख त्या काळात येत असेल तर नमुन्यासाठी निदान आठवडाभर हाताशी ठेवा. फाइल पेन ड्राइव्हवर द्या आणि सोबत कागदावर एवढंच लिहा: ‘कापून तयार आकार १४८ × २१० मिमी, चारही बाजूंना ३ मिमी जादा, ३२ पानं अधिक मुखपृष्ठ, मधे दोन पिना, १०० टक्के आकारातच छापावे, Fit to page नको.’

(मुखपृष्ठाची फाइल वेगळी असते. तिची मापं छापखान्याला विचारूनच ठरवा, कारण काही जण पुढचं-मागचं पान एकत्र मागतात, काही सुटं.)