पहिली बॅडमिंटन रॅकेट कोणती घ्यावी?

प्रश्न: वय ३६, धुळ्यात राहतो. महिनाभरापासून उसन्या रॅकेटने खेळतोय, आता स्वतःची घ्यायची आहे. वजन किती असावं, हेड हेवी घेऊ की हेड लाइट, आणि गटिंग किती पाउंडांवर करू?

उत्तर:

फोर-यू वजन, इव्हन बॅलन्स आणि २२ पाउंड. यातलं गटिंग आधी पक्कं करा, दुकानात गडी फसतो तो तिथेच.

जळगावात मी पहिली रॅकेट घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, "भाऊ, मोठे खेळाडू २८ वर खेळतात." दिली ताणून २८ वर. बेसलाइनवरून जीव खाऊन मारलेलं शटल पलीकडे कोर्टाच्या मध्यावरच पडायचं आणि समोरचा आरामात स्मॅश हाणायचा. मग मी आणखी जोर लावला. तीन आठवड्यांत कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ, की चहाचा कप उचलवेना. शेवटी हॉलमधल्या एका काकांनी गट कापायला लावला. रॅकेट तीच, फक्त २२ पाउंड. शटल मागच्या लाइनजवळ जायला लागलं.

कारण सोपं आहे. सैल गट शटल लागल्यावर जास्त दबतो आणि तेवढंच उसळून त्याला पुढे ढकलतो. शिवाय फटका थोडा मधोमध बसला नाही तरी चालून जातो. घट्ट गटाला झटका आपल्या मनगटातून द्यावा लागतो, आणि तो यायला वेळ लागतो. फ्रेमवर पाउंडांची मर्यादा छापलेली असते, ती कमाल आहे. तिथपर्यंत ताणायचं बंधन नाही.

फोर-यू म्हणजे गटाशिवाय ८० ते ८४ ग्रॅम. थ्री-यू पाच ग्रॅमने जड. आकडा किरकोळ वाटतो, पण तासाभराने खांद्याला कळतो.

बॅलन्स दुकानातच बघा. रॅकेट आडवी धरून एका बोटावर तोला आणि मुठीच्या टोकापासून त्या बोटापर्यंत टेपने मोजा. रिकाम्या फ्रेमला २८५ ते २९५ मिलिमीटर आलं तर इव्हन. गट असेल तर साधारण सेंटिमीटरभर जास्तच येणार, त्यावरून हेड हेवी समजू नका. वर एक जादा ग्रिप गुंडाळली की काटा जवळपास तेवढाच मागे येतो. खरी हेड हेवी रॅकेट नेटजवळ अंगावर आलेल्या शटलला उशिरा पोहोचते. हेड लाइट चटकन फिरते, पण मागून शटल लांब पाठवायला तिची मदत कमी.

आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात ठेवा. मे महिन्यात रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवली तर गट लवकर सैल पडतो. तापलेल्या हवेत शटलही लांब पळतं, म्हणून आउट जायला लागलं की लगेच पाउंड वाढवू नका. आधी कमी स्पीडचं शटल वापरून बघा.