तीस सेकंदांत पालकांशी काय बोलायचं

तुझ्या गणिताच्या क्लासच्या रीलची स्क्रिप्ट मोठ्याने वाचली, ४५ सेकंद लागले. तीस सेकंदांत सावकाश बोलायचं तर साठ-पासष्ट शब्दच बसतात. आणि सुरुवात क्लासच्या नावाने नको. सिडकोतली आई रात्री भांडी आवरून मोबाइल हातात घेते. पहिल्या तीन सेकंदांत तिला स्वतःची काळजी ऐकू आली नाही, तर ती पुढे सरकते.

मी असं लिहीन:

"नववीला गणितात काठावर पास? दहावीची धास्ती वाटतेय?" (कॅमेरा लाल शेऱ्यांच्या वहीवर.) "पुष्कळदा अडतं ते बीजगणितात नाही, अपूर्णांकात आणि अधिक-उण्याच्या चिन्हांत. पहिले दोन आठवडे आम्ही तेच पक्कं करून घेतो. बॅचला पंधराच मुलं. दर शनिवारी चाचणी, तपासलेला पेपर घरी. नवीन बॅच १६ जूनपासून, संध्याकाळी सहाला. आधी एक दिवस मुलाला बसवून बघा, मग ठरवा."

'येत्या सोमवारपासून' म्हणू नकोस, रील महिनाभर फिरत राहते. पंधरा मुलं खरंच घेणार असशील तरच तो आकडा ठेव. मार्कांची हमी मात्र अजिबात नको. आणि सगळं बोलणं पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटू दे. घरात मूल झोपलेलं असलं की आवाज बंदच असतो.