पडदा भरून येतो, म्हणूनच ग्रोमेट

"मॅडम, पडद्याला भोक पाडणार म्हणतात. ते तसंच राहिलं तर? पोराचं जन्माचं नुकसान होईल. आणि एवढ्याशा जिवाला भूल द्यायची! औषधानं बरं होत नाही का?"

नाक-कान-घशाच्या क्लिनिकमध्ये मी समुपदेशक म्हणून बसते. कानाच्या पडद्यात बसवायच्या ग्रोमेट या बारीक नळीचा सल्ला मिळालेले आईवडील माझ्या खोलीत आले की शब्द थोडेफार बदलतात, पण क्रम बहुधा हाच असतो: आधी भोक, मग भूल, शेवटी औषध. म्हणून बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघताना वाचता यावी अशी एका कुटुंबाची गोष्ट इथे लिहिते आहे. मुलाचं नाव बदललं आहे आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

ओजस सव्वापाच वर्षांचा, मोठ्या गटात शिकणारा. पहिली तक्रार शाळेतून आली: बाई सूचना देतात तेव्हा हा शेजारच्या मुलाकडे बघतो आणि मग काम सुरू करतो. घरी टीव्हीचा आवाज वाढलेला असायचा. कान कधी दुखला नव्हता, वाहिला नव्हता, त्यामुळे कानाची शंका कुणालाच आली नाही. 'लक्षच नसतं याचं' असं म्हणून आजीपासून बाबांपर्यंत सगळे त्याला रागवत होते. जूनमध्ये श्रवण चाचणी झाली, तेव्हा दोन्ही कानांना साधारण 35 डेसिबलच्या खालचे आवाज ऐकू येत नव्हते. नीट ऐकू येणाऱ्या मुलाला 20 किंवा त्याहूनही हळू आवाज कळतात. पडदा किती हलतो हे बघणारी टिंपॅनोमेट्री केली, तर तिचा आलेख सपाट आला. म्हणजे पडद्यामागे हवेऐवजी द्रव साठला होता. डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सुचवली नाही. असा द्रव पुष्कळ मुलांमध्ये आपोआप जातो, म्हणून तीन महिने थांबायला सांगितलं. सप्टेंबरमध्ये पुन्हा तपासलं तेव्हा उजवा कान 35 वर, डावा 30 वर आणि दोन्ही आलेख सपाटच. तेव्हा ग्रोमेटचा विषय निघाला आणि हे कुटुंब माझ्याकडे आलं.

माझी पद्धत अशी की मी आधी माहिती देत नाही. घाबरलेल्या माणसाच्या मनात एक वाक्य ठाण मांडून बसलेलं असतं. ते जागचं हलल्याशिवाय नवीन काही आत जात नाही. म्हणून मी त्या वाक्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करते.

"भोक राहिलं तर काय होईल?" मी ओजसच्या आईला विचारलं.

"ऐकू येणार नाही."

"अजिबात?"

"अगदीच तसं नाही... पण कमी येईल."

"आता किती येतं?"

त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. अहवाल दोघांनी वाचला होता, पण 35 डेसिबल म्हणजे मुलाच्या दिवसात नेमकं काय, हे त्यात लिहिलेलं नसतं. मी त्यांना दोन्ही कानांत बोटं घट्ट दाबून धरायला सांगितलं, पंखा मोठा केला आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन रोजच्या आवाजात बोलले, "डब्यातली पोळी संपव आणि पिशवीत चमचा ठेव." मग सामोरी आले आणि काय ऐकलं ते विचारलं. "पोळीचं काहीतरी. पुढचं नाही कळलं." आवाज आल्याचं त्यांना कळलं होतं, कुणी बोलतंय हेही कळलं होतं, स, श, च यांसारखे हलके उच्चार मात्र गळाले होते. ओजसचं वर्गात असंच होत होतं. म्हणून तो शेजाऱ्याकडे बघून काम करत होता, आणि मला विचाराल तर ती त्याची हुशारीच होती. बाबांनी स्वतःही बोटं घालून पाहिली. नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मग मी कान समजावला. पडद्यामागे एक छोटी पोकळी असते आणि तिच्यात हवा असावी लागते. ती हवा नाकाच्या मागून कानाकडे जाणाऱ्या एका बारीक नळीतून येते. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने किंवा नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथींच्या सुजेने ती नीट उघडेनाशी होते. आतली हवा शोषली जाते, नवी येत नाही आणि पोकळीत द्रव झिरपतो. राहिला तर तो डिंकासारखा चिकट होतो. त्यातून पडदा हलणार कसा?

"मग चीर देऊन ते पाणी काढून टाका ना," बाबा म्हणाले. "नळी कशाला बसवायची?"

मी त्यांनाच विचारलं, "चिरेचं पुढे काय होईल?"

"भरून येईल."

"किती दिवसांत?"

"जखम भरायला किती, आठ-दहा दिवस?"

"साधारण तेवढेच. आणि आत हवा नेणारी मूळची नळी तर अजून सुधारलेली नाही."

"म्हणजे पाणी पुन्हा साठणार."

इथे ओजसची आई एकदम पुढे सरकून बसल्या. "थांबा मॅडम. म्हणजे पडदा लगेच बुजतो, तो बुजू नये म्हणून ती नळी घालायची?"

हे वाक्य मी त्यांना सांगितलं नव्हतं. भोक राहील या भीतीने जी आई झोपली नव्हती, तिच्याच तोंडून आलं की भोक टिकवण्यासाठी डॉक्टरांना खटपट करावी लागते. असा क्षण आला की मी पुढची दोन-तीन मिनिटं काही बोलत नाही, माणसाला त्याच्यासोबत राहू देते. मीच हे आधी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा जागरण केलं असतं. स्वतः जोडलेली गोष्ट रात्री उलटत नाही, हे मी या खोलीत वारंवार पाहिलं आहे. इथून जाणारे पालक संमतीपत्रावर घाईने सही करत नाहीत, बसून वाचतात. डॉक्टरांनी हे मला सांगितलं तेव्हा बरं वाटलं होतं.

ग्रोमेट म्हणजे एक-दोन मिलिमीटरची, आरपार छिद्र असलेली नळी. दोन्ही बाजूंना कड असते, त्यामुळे ती चिरेत अडकून राहते. मुलाची स्वतःची नळी काम करत नाही तोवर हवा ग्रोमेटमधून आत जाते. पडदा आपली त्वचा सतत बाहेरच्या बाजूला सरकवत असतो. त्या सरकण्याबरोबर ग्रोमेट साधारण सहा ते बारा महिन्यांत, कधी त्याहून उशिरा, आपोआप बाहेर पडतं आणि मागचं छिद्र भरून येतं. ते काढायला सहसा दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही.

तरीही आईंचा प्रश्न मी अर्धवट सोडला नाही. नेहमीच्या छोट्या ग्रोमेटनंतर शंभरातल्या एक-दोन मुलांचं छिद्र राहतं. मग काय होईल? छिद्र लहान असेल तर ऐकण्यावर फारसा फरक पडत नाही, कानात पाणी जाऊ नये म्हणून जपावं लागतं आणि गरज पडली तर मूल थोडं मोठं झाल्यावर शस्त्रक्रियेने ते बंद करून घेता येतं. त्रासाचं आहे, पण 'जन्माचं नुकसान' नाही. भीतीच्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं की तिथे बहुधा असंच काहीतरी सापडतं: नकोसं, पण निभावता येण्याजोगं.

भुलेबद्दल बाबांना जास्त धास्ती होती. सूक्ष्मदर्शकाखाली काम चालतं आणि मूल तेवढा वेळ हललं तर पडदा फाटू शकतो, म्हणून लहान मुलांना पूर्ण भूल देतात. काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ जवळ असतात आणि बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. धोका शून्य नाही. तो कमी ठेवण्याचा मोठा भाग मात्र आईवडिलांच्या हातात असतो: आधीचे सहा तास खाणं आणि दूध बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. पोटात अन्न असलं तर ते भुलेत श्वासनलिकेत जाऊ शकतं. हे मी आजींना समोर बसवून सांगितलं, कारण 'उपाशी कसं न्यायचं' म्हणून हळूच दिलेलं एक बिस्कीटही पुरेसं असतं. ताप, खोकला किंवा छातीत घरघर असेल तर लपवू नका. तारीख पुढे जाईल, एवढंच.

औषधाचं उत्तर थोडक्यात. प्रतिजैविकं, सर्दीची पातळ औषधं, स्टेरॉइड यांचा या द्रवावर टिकाऊ उपयोग होतो असं दिसलेलं नाही. आजींचं लसणीचं तेल तर मध्ये अखंड पडदा असल्यामुळे तिथवर पोचतच नाही, आणि ग्रोमेट बसल्यावर ते थेट आत जाईल. त्यामुळे तेल पूर्ण बंद.

"अजून थांबलो तर?" हा बाबांचा शेवटचा प्रश्न रास्त होता. थांबता येतं. काळ गेला की बहुतेक मुलांचा कान सुधारतो; ग्रोमेटचा फायदा मुख्यतः पहिल्या काही महिन्यांतला आहे. प्रश्न एवढाच की ते महिने मुलाच्या बोलण्या-शिकण्याच्या दृष्टीने किती मोलाचे आहेत. थांबायचं ठरवलं तर पहिल्या बाकावर जागा, समोर येऊन बोलणं, टीव्ही बंद करून सांगणं आणि तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी, हे सगळं पाळायचं. टाळूला जन्मतः फट असलेल्या किंवा पडदा आत ओढला गेलेल्या मुलांचा हिशेब वेगळा असतो. त्यांच्यासाठी डॉक्टर सांगतील तेच धरावं. ओजस पहिलीत जायचा होता, म्हणून या दोघांनी दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया करायचं ठरवलं.

भुलेतून उठल्यावर तो खूप रडला. ते अपेक्षित होतं, हे आईंना माहीत होतं. घरी जाताना रिक्षाच्या आवाजाला त्याने कानांवर हात ठेवले. सहा आठवड्यांनी चाचणी झाली तेव्हा दोन्ही कान 15 डेसिबलवर आले होते.

जानेवारीत सर्दी झाली आणि डाव्या कानातून पिवळट पाणी आलं. आईंचा फोन आला, पण आवाज शांत होता. असं अनेक मुलांना एखाद्या वेळी होतं. डॉक्टरांनी दिलेले थेंबच घालायचे, घरात उरलेली जुनी बाटली नाही. काही थेंब ग्रोमेट असलेल्या कानाला चालत नाहीत. बाहेरचं पाणी स्वच्छ कापडाने टिपायचं, आत काडी घालायची नाही. काही दिवसांत थांबलं नाही, रक्त आलं, ताप चढला किंवा कानामागे सूज आली तर लगेच दाखवायचं. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस पुरतो, कारण साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा सहज आत शिरतं. पोहण्याचं डॉक्टरांना विचारून ठरवा. सूर मारणं आणि पाण्याखाली खोल जाणं मात्र नको.

ओजसचं उजवं ग्रोमेट ऑगस्टमध्ये उशीवर सापडलं, डावं कधी पडलं ते कळलंच नाही. पडदे बंद झाले आहेत. डाव्या पडद्यावर एक पांढरा डाग राहिला आहे, त्याने ऐकण्यात फरक पडत नाही. काही मुलांमध्ये द्रव पुन्हा साठतो आणि ग्रोमेट परत लागतं, कधी सोबत ॲडेनॉइडही काढावे लागतात. म्हणून ओजसची पुढची श्रवण चाचणी सर्दीचे दिवस संपल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस ठेवली आहे.